डोंगर सरकण्यापूर्वी

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. बाहेर वार्ता पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या जागी त्याला गाव दिसलेच नाही.

सह्याद्रीत कातळावर मातीचा थर असतो. संततधारेचे पाणी त्यात मुरते, कातळापाशी अडते आणि जड झालेल्या मातीची पकड सुटते. वृक्षतोडीने मुळांचा आधार जातो. शेतीसाठी उतार कापला, की तो अधिकच कमकुवत होतो.

उतारावरील भेगा, कललेली झाडे, अचानक गढूळलेला झरा या पूर्वखुणा होत. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून अंतर रोज मोजावे. ते वाढू लागताच, पाऊस ओसरण्याची वाट न पाहता घर सोडावे. केवळ सरकारी यादीवर विसंबू नये; २०२३ साली गाडली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.