कोबी, पिसू आणि लाडाचं फ्रेंच

फ्रान्समध्ये आई शाळेत निघालेल्या लेकीला ‘मों शू’ म्हणते, तेव्हा शब्दशः ती तिला ‘माझा कोबी’ म्हणत असते. मात्र ‘शू’ म्हणजे क्रीम भरलेला फुगीर गोड पावही. त्यामुळे हाकेत भाजीपेक्षा या मिठाईचीच चव असावी, असं अनेकांना वाटतं.

शिकणाऱ्याची गफलत होते ती ‘माझा-माझी’त. समोर मुलगी आहे म्हणून तो ‘मा शू’ म्हणतो आणि चुकतो. ‘शू’ पुल्लिंगी, म्हणून लेक असो वा लेक असलेला मुलगा, ‘मों शू’च. ‘मा प्यूस’, म्हणजे ‘माझी पिसू’, स्त्रीलिंगीच राहते. ती बहुधा मुलींना आणि प्रेयसीला म्हणतात, पण लहान मुलग्यालाही चालते. मराठीत मुलगा-मुलगी दोघांनाही ‘माझं सोनं’ म्हणतो, तसंच हे.

वाक्यात हा शब्द शेवटी सहज बसतो: ‘सा वा, मों लापँ?’ म्हणजे ‘बरा आहेस ना, माझ्या सशा?’ मात्र ‘मों’ गाळून नुसतं ‘लापँ’ म्हटलं, तर लाड हरवतो आणि ससाच उरतो.

‘मा बीश’, म्हणजे ‘माझी हरिणी’, आज थोडं जुन्या वळणाचं वाटतं. ‘मा कोकोत’ (कोंबडी) आणखी जपून वापरावं: एकेकाळी ‘कोकोत’ हा शब्द श्रीमंतांच्या पैशावर जगणाऱ्या स्त्रियांसाठी होता आणि अनोळखी बाईला तो आजही उद्धट वाटतो.

कार्यालयात, दुकानात, नव्या ओळखीत यांतला एकही शब्द वापरू नये. सुरुवात घरातल्या मुलांपासून करावी.