शेजारी आधी का ओरडतात?

29 जून 2024, ब्रिजटाऊन. टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने उंच फटका मारला आणि सूर्यकुमार यादवने तो सीमारेषेवर अफलातून झेलला. अशा क्षणी डिश असलेल्या घरातून जल्लोष ऐकू येतो, तेव्हा मोबाइलवर गोलंदाजाने अजून धावायलाही सुरुवात केलेली नसते.

खापर सहसा नेटवर फुटते. पण घरात वेगवान फायबर असले तरी अ‍ॅप मागेच राहते, कारण या उशिराचा मोठा भाग मुद्दाम ठेवलेला असतो.

डिशचा संदेश सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला शिवून परत येतो. या प्रवासाला जेमतेम पाव सेकंद लागतो. चित्र आक्रसून पाठवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात आणखी काही सेकंद जातात. मात्र एकच लहर सगळ्या छतांवर एकदम उतरते.

नेटवर प्रत्येक मोबाइल आपली प्रत स्वतंत्रपणे मागतो. 2023च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक पाहत होते. एवढ्यांना पुरवठा करता यावा म्हणून चित्रणाचे छोटे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार करतात आणि ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात. अ‍ॅपलच्या एचएलएस या प्रचलित पद्धतीत तुकडा साधारण 6 सेकंदांचा असतो आणि तो पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नाही. त्यातच प्लेअर सर्वांत ताज्या तुकड्यापासून नव्हे, तर तीन तुकडे मागून सुरुवात करतो. इथेच 18 सेकंद गेले. चित्रण तयार करून पोहोचवण्याचा वेळ धरला की मैदानापासूनचे अंतर 20 सेकंदांच्या पुढे जाते.

ही शिल्लक असते म्हणून नेट पाच-सात सेकंद गेले तरी सामना थांबत नाही. ती कमी करता येते. तुकडे लहान करतात, किंवा अ‍ॅपलने 2019 मध्ये आणलेल्या पद्धतीप्रमाणे तुकडा पूर्ण व्हायच्या आतच त्याचे अंश पाठवतात. मग उशीर काही सेकंदांवर येतो, पण लोकलमध्ये नेट जरा डळमळले की चित्र लगेच अडकते.

अडकण्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. चित्र 8 सेकंद थांबले आणि तिथूनच पुढे सुरू झाले, तर उशीर 8 सेकंदांनी वाढतो. म्हणून एकाच घरातले दोन मोबाइलही एकमेकांच्या मागेपुढे असतात.

अ‍ॅपमध्ये ‘लाइव्ह’चे बटण असेल तर ते दाबावे, नाहीतर सामना बंद करून पुन्हा उघडावा, साठलेला उशीर जातो, मूळचा राहतो. आणि धावसंख्येच्या सूचना आधी बंद कराव्यात. तो चिमुकला मजकूर तुकड्यांच्या रांगेत थांबत नाही, त्यामुळे विकेटची बातमी चेंडूच्या आधी येते.