पायरीपायरीने पोहोचणारी सेवा

'आत्मीयता' या उपक्रमात गावातीलच स्वयंसेवक मनाने खचलेल्यांना आधार देतात. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्याच्या 645 गावांत त्याची चाचणी घेतली. सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचावयाची होती. कोणत्या गावांची पाळी केव्हा, हे यादृच्छिक निवडीने ठरले. अखेरीस सेवा सर्वांनाच मिळते; तोवर थांबलेली गावे तुलनेस उपयोगी पडतात.

मात्र येथे फसगत संभवते. सेवेविनाचा काळ आधीचा, सेवेचा नंतरचा. मध्यंतरी पीक चांगले आले, तर त्याचे श्रेय सेवेस जाते. समजा, सेवा मिळालेल्या गावांत त्रासाचे गुण 4 ने घटले आणि त्याच महिन्यांत प्रतीक्षेतील गावांतही 3 ने घटले. तर सेवेचे श्रेय एका गुणाचेच. म्हणून विश्लेषणात काळाचा परिणाम वेगळा काढावाच लागतो.

नैतिक प्रश्न याहून कठीण. साधने खरोखरच अपुरी असतील, तरच ही प्रतीक्षा समर्थनीय ठरते. आणि प्रतीक्षेतील गावात कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखविला, तर त्यास पाळीची वाट पाहावयास न लावता तत्काळ उपचारापर्यंत पोहोचविलेच पाहिजे. मग चाचणीची तुलना किंचित बिघडली तरी चालेल.