नवी क्लच प्लेट, झिजलेली क्लच प्लेट आणि दीड टक्क्याचा फरक

घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला, की मेकॅनिक एका वाक्यात निदान करतो : ‘क्लच स्लिप होतोय.’ म्हणजे इंजिन जेवढा टॉर्क देते आहे, तेवढा पुढे पोचवण्याची ताकद क्लचमध्ये उरलेली नाही. ही ताकद मोजायची कशी, याची दोन उत्तरे यंत्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शेजारीशेजारी छापलेली असतात. एक ‘समान दाब’ गृहीत धरते, दुसरे ‘समान झीज’. परीक्षेत विद्यार्थी एक सूत्र निवडून मोकळा होतो. पण दोन उत्तरे का, आणि खऱ्या गाडीला कोणते लागू पडते, हे समजायला क्लचच्या आतच डोकवावे लागते.

बहुतेक मॅन्युअल गिअरच्या मोटारींत एकच क्लच प्लेट असते. ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये चिमटलेली असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कड्याच्या आकाराचे घर्षण लायनिंग रिव्हेटने बसवलेले असते. मागून डायफ्रॅम स्प्रिंग दाबते आणि घर्षणाच्या जोरावर फ्लायव्हीलबरोबर प्लेटही फिरू लागते. हिशेबासाठी एक सर्वसाधारण आकार घेऊ. लायनिंगचा बाहेरचा व्यास २०० मि.मी., आतला १३० मि.मी. म्हणजे त्रिज्या १०० आणि ६५ मि.मी. स्प्रिंगचा जोर ४००० न्यूटन, घर्षण गुणांक ०.३ आणि इंजिनाचा कमाल टॉर्क १३० न्यूटन-मीटर.

क्लचची ताकद काढण्याचे मूळ सूत्र सोपे आहे :

T = 2 × μ × W × R

यात μ हा घर्षण गुणांक, W हा स्प्रिंगचा जोर आणि 2 म्हणजे घासणारे दोन पृष्ठभाग. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. दोन पृष्ठभाग आहेत म्हणून ते जोर अर्धा अर्धा वाटतात. तसे नसते. प्लेट मध्ये चिमटलेली असल्यामुळे तोच ४००० न्यूटनचा जोर दोन्ही बाजूंना पूर्ण लागतो. राहिला R, म्हणजे सगळे घर्षण एकाच वर्तुळावर एकवटले आहे असे मानले तर त्या वर्तुळाची त्रिज्या. सगळा वाद या R वर आहे. कड्याच्या बाहेरच्या भागावर जास्त भार पडत असेल तर R मोठी येते, आतल्या भागावर पडत असेल तर लहान.

पहिले गृहीतक सांगते की लायनिंगच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दाब सारखाच आहे. लायनिंग कोरे, सपाट आणि प्रेशर प्लेटही सपाट, तेव्हा हे पटण्यासारखे आहे. आता लायनिंगचे मनाने एकेक मिलिमीटर रुंदीचे वेढे पाडा. बाहेरच्या वेढ्याचा घेर मोठा, म्हणून क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्याच्या वाट्याला भारही जास्त येतो. आपल्या उदाहरणात दाब ०.२२ न्यूटन प्रति चौरस मि.मी. येतो. त्यानुसार सर्वांत बाहेरच्या वेढ्यावर सुमारे १३८ न्यूटन, तर सर्वांत आतल्यावर फक्त ९० न्यूटन. भार बाहेर झुकल्यामुळे R मधोमध न राहता थोडी बाहेर सरकते :

R = (2/3) × (Ro³ − Ri³) / (Ro² − Ri²)

इथे Ro आणि Ri या बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्या. आकडे घातले की R येते ८३.७ मि.मी. आणि क्लचची ताकद २०१ न्यूटन-मीटर.

पण ही स्थिती टिकत नाही, आणि ती मोडते क्लचच्या रोजच्या कामामुळेच. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना फ्लायव्हील वेगाने फिरत असते आणि प्लेट मागे असते. या क्षणभराच्या घसरणीत लायनिंग झिजते. कोरडे घर्षण किती झीज घडवते याचा व्यवहारात उपयोगी पडलेला नियम जर्मन गणितज्ञ थिओडोर राय यांनी १८६० मध्ये मांडला : झीज ही घर्षणाने केलेल्या कार्याच्या प्रमाणात होते. म्हणजे दाब जितका जास्त आणि घासण्याचा वेग जितका जास्त, तितकी झीज जास्त.

वेग मात्र कड्यावर सगळीकडे सारखा नसतो. जात्याच्या एका फेऱ्यात कडेचा दगड खुंटाजवळच्या दगडापेक्षा कितीतरी लांब फिरून येतो, तसेच इथे होते. फ्लायव्हील आणि प्लेट यांच्या वेगात मिनिटाला १५०० फेऱ्यांचे अंतर असेल, तर बाहेरच्या कडेला घासण्याचा वेग सेकंदाला १५.७ मीटर असतो आणि आतल्या कडेला १०.२ मीटर. दाब सारखा असेल तर बाहेरची कड आतल्या कडेच्या दीडपट वेगाने झिजणार.

आता खरी गंमत सुरू होते. प्रेशर प्लेट ही जाड, ताठ धातूची चकती. ती लायनिंगच्या झिजलेल्या भागात वाकून शिरू शकत नाही, सगळीकडे एकाच मापाने पुढे सरकते. बाहेरची कड जास्त झिजली की तिथला दाब आपोआप कमी होतो आणि तो भार आतल्या भागाकडे सरकतो. आत दाब वाढला की तिथली झीज वाढते. हे चालता चालता दोन्हीकडची झीज सारखी होते आणि वाटणी स्थिरावते. या स्थितीत दाब आणि त्रिज्या यांचा गुणाकार सगळीकडे एकच राहतो. हीच ‘समान झीज’. हे सोयीसाठी केलेले निव्वळ गृहीतक नाही. नवे लायनिंग काही काळ वापरून ‘बसले’ की ते या स्थितीला येऊन पोचते.

त्रिज्या वाढते त्या प्रमाणात दाब उतरतो आणि वेढ्याचा घेर वाढतो. दोन्ही एकमेकांना छेदतात, म्हणून आता प्रत्येक वेढ्यावर भार सारखाच येतो, सुमारे ११४ न्यूटन. भार आतबाहेर सारखा वाटला गेला की R अगदी मधोमध येते, म्हणजे दोन त्रिज्यांची साधी सरासरी :

R = (Ro + Ri) / 2

आपल्यासाठी ८२.५ मि.मी. आणि ताकद १९८ न्यूटन-मीटर. नव्या प्लेटचे उत्तर २०१ होते. फरक फक्त दीड टक्क्याचा.

मग एवढा काथ्याकूट कशाला? दीड टक्का तर घर्षण गुणांकाच्या अनिश्चिततेत कुठल्या कुठे हरवून जातो. लायनिंग तापून किंवा त्यावर तेलाचा अंश लागून गुणांक ०.३ वरून ०.२ वर आला, तर १९८ चे थेट १३२ होतात. इंजिनाचा टॉर्क १३०. जी दीडपट राखीव ताकद धरली होती ती संपली आणि क्लच घसरण्याच्या उंबरठ्यावर आला. स्प्रिंगचा जोर ठरलेला असेल तर कोणतेही सूत्र वापरा, फारसे बिघडत नाही.

बिघडते ते प्रश्न उलटा विचारल्यावर. आरेखन करणाऱ्याला स्प्रिंग आयती मिळालेली नसते, ती त्यालाच निवडायची असते. त्याच्या हाती असते लायनिंगची मर्यादा : या मालावर अमुक दाबापेक्षा जास्त पडता कामा नये. समजा ही मर्यादा ०.२२ न्यूटन प्रति चौरस मि.मी. आहे. समान दाब धरला तर ४००० न्यूटनची स्प्रिंग चालते आणि २०१ न्यूटन-मीटर मिळतात. पण प्लेट बसल्यावर हाच भार आत सरकतो आणि आतल्या कडेवर दाब ०.२८ होतो, मर्यादेपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त. मर्यादा पाळायची तर स्प्रिंग ३१५० न्यूटनवर आणावी लागते आणि ताकद उरते १५६ न्यूटन-मीटर. कागदावर दीडपट दिसलेली राखीव ताकद प्रत्यक्षात १.२ पट निघते. दोन गृहीतकांमधला खरा फरक हा आहे. तो टॉर्कच्या सूत्रात दिसत नाही, आतल्या कडेच्या दाबात लपलेला असतो.

लायनिंग कड्याच्या आकाराचे का असते, याचे उत्तरही इथेच मिळते. समान झिजेत त्रिज्या कमी होईल तसा दाब वाढतो, म्हणून लायनिंग केंद्रापर्यंत नेले तर तिथे दाब अमर्याद होईल. उलट कडे फार अरुंद केले तर घासायला जागाच उरत नाही. दाबाची मर्यादा आणि बाहेरचा व्यास ठरलेला असेल, तर सर्वांत जास्त ताकद आतली त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येच्या ५८ टक्के असताना मिळते. आपल्या प्लेटमध्ये ती ६५ टक्के आहे, तरी ताकद अडीच टक्क्यांनीच कमी पडते. या शिखराभोवतीचा उतार इतका सौम्य आहे की आरेखनकार इतर सोयी पाहून आकार मागेपुढे करू शकतो.

समान झिजेचा आणखी एक परिणाम चालकाच्या कामाचा आहे. दाब आणि वेग यांचा गुणाकार सगळीकडे सारखा झाला, की दर चौरस मिलिमीटरला निर्माण होणारी उष्णताही सारखी होते. नव्या प्लेटमध्ये तसे नसते, तिची बाहेरची कड जास्त तापते. म्हणून प्लेट बदलल्यावर पहिले काही दिवस घाटात हाफ क्लचवर गाडी रोखून धरणे किंवा भरल्या गाडीला झटक्याने उचलणे टाळावे.

दोन्ही गृहीतकांना एक अट आहे : प्रेशर प्लेट सपाट आणि समांतर राहिली पाहिजे. गॅरेजमध्ये क्लच उघडल्यावर हे तपासता येते. काढलेल्या प्लेटची जाडी आतल्या आणि बाहेरच्या कडेला सारखी भरली, तर समान झिजेचा पुरावाच हातात आहे. एक कड स्पष्ट पातळ असेल, किंवा प्रेशर प्लेटवर निळसर जळके डाग असतील, तर ती चकती तापून वाकली आहे. मग कोणतेच सूत्र लागू पडत नाही आणि फक्त क्लच प्लेट बदलून भागत नाही, प्रेशर प्लेटही बदलावी लागते.

पुण्याच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवलेले व्ही. बी. भंडारी यांच्या यंत्र-आरेखनाच्या पुस्तकातला सल्लाही हाच आहे : नव्या क्लचला समान दाब लागू पडतो, पण क्लचचे बहुतेक आयुष्य समान झिजेत जाते, म्हणून आरेखन समान झिजेवर करणे अधिक तर्काला धरून आणि सुरक्षित. नवी प्लेट काही दिवसांची असते, बसलेली प्लेट पुढची काही वर्षे. हिशेब तिचाच करावा, आणि टॉर्क काढून झाला की आतल्या कडेवरचा दाब तपासल्याशिवाय वही मिटू नये.