नवं फर्मवेअर पारखेपर्यंत जुनं जपा

विहिरीवरच्या पंपाजवळ बसवलेल्या ईएसपी३२ बोर्डाचं फर्मवेअर बदलायला लॅपटॉप आणि केबल घेऊन शेतात जावं लागत नाही. नवी आवृत्ती वाय-फायवरून पाठवता येते. पण त्या आवृत्तीत वाय-फायचाच कोड चुकला असेल, तर पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद होते. म्हणून या बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत प्रोग्रामसाठी ota_0 आणि ota_1 अशा दोन जागा ठेवतात.

समजा, ota_0 मधून 1.9.0 चालू आहे आणि सर्व्हरवर 1.10.0 आली. आवृत्तीचा क्रमांक फाइलच्या सुरुवातीलाच असतो, त्यामुळे तेवढाच भाग वाचून पुढचं उतरवायचं की नाही, हे ठरवता येतं. इथे एक चूक नेहमी होते. क्रमांकांची तुलना अक्षरं म्हणून केली तर 1.10.0 लहान ठरते, कारण एक हे अक्षर नऊच्या आधी येतं. तिन्ही आकडे सुटे करूनच ताडून पाहायला हवेत.

नवा प्रोग्राम ota_1 मध्ये उतरतो, जुन्याला हात लागत नाही. फाइल शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच otadata या छोट्या भागात ‘पुढच्या वेळी ota_1’ अशी नोंद होते. रोलबॅकची सोय चालू ठेवली असेल, तर बूटलोडर 1.10.0 ला फक्त एक संधी देतो. ‘मी ठीक आहे’ हे तिनं स्वतः कळवायचं असतं:

```
esp_ota_mark_app_valid_cancel_rollback();
```

हे न कळवता बोर्ड रीसेट झाला, की बूटलोडर तिला बाद करून 1.9.0 सुरू करतो.

ही ओळ कुठे लिहायची, यावर सगळं अवलंबून आहे. प्रोग्राम सुरू होताच लिहिली, तर परीक्षेला अर्थच उरत नाही. वाय-फाय जोडलं गेलं आणि अपडेटच्या सर्व्हरनं उत्तर दिलं, की मग ती चालवावी. म्हणजे निदान पुढची दुरुस्ती पोहोचेल. आर्डुइनोवर काम करणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण तिथे ही मान्यता setup() च्या आधीच आपोआप दिली जाते. verifyRollbackLater() हे फंक्शन स्वतः लिहून त्यातून true परत केलं, तरच ती थांबते.

प्रोग्राम नुसताच अडकून बसला, तर रीसेट होत नाही आणि परतीचा प्रवासही होत नाही. त्यासाठी ठरावीक मिनिटांत सर्व्हर सापडला नाही, तर बोर्ड रीसेट करणारा टायमर हवा. नव्या आवृत्तीनं सेटिंग्जची रचना बदलली असेल, तर रोलबॅक ती पूर्ववत करत नाही. जुन्या प्रोग्रामला ती वाचता आली पाहिजे.

बाद झालेली आवृत्ती सर्व्हरवर तशीच असते. तिचा क्रमांक तपासला नाही, तर बोर्ड तीच पुन्हा पुन्हा उतरवत राहतो. उलट, परीक्षेच्या त्या मिनिटांत वीज गेली तर चांगली आवृत्तीही बाद होते. म्हणून एकदा बाद झालेल्या आवृत्तीला आणखी दोन-तीन संधी द्याव्यात आणि तरीही जमलं नाही, तर नवा क्रमांक येईपर्यंत थांबावं.