पगार नव्या खात्यात, हप्ता जुन्या खात्यात

नोकरी बदलली की नवी कंपनी बहुधा स्वतःच्या बँकेत पगारखातं उघडून देते. पगार तिथे येऊ लागतो, पण घराचा हप्ता, विम्याचा प्रीमियम आणि एसआयपी जुन्याच खात्याचं दार ठोठावत राहतात. कारण पैसे कापून घ्यायची जी परवानगी तुम्ही दिलेली असते, ती त्या खाते क्रमांकाशी बांधलेली असते. तिला मँडेट म्हणतात. ते कर्ज देणाऱ्या संस्थेने घेतलेलं असतं, म्हणून बदलण्यासाठीही तिच्याकडेच जावं लागतं. पुष्कळ जण आधी जुन्या बँकेत जाऊन मँडेट रद्द करतात, आणि पुढचाच हप्ता परत जातो.

समजा, २८,४०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि नव्या खात्याचं मँडेट तुम्ही २५ तारखेला दिलं. कागदी अर्जाच्या नोंदणीला दोन-तीन आठवडे सहज जातात. नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार वापरून केलेलं ई-मँडेट लवकर होतं. पण वसुलीची यादी आधीच तयार झालेली असू शकते. तेव्हा येता हप्ता जुन्या खात्यातूनच जाणार असं धरून चाला आणि ४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पैसे तिकडे वळवा. ५ तारखेला सकाळी उठून पाठवू म्हणाल, तर वसुली त्याआधीच होऊन गेलेली असू शकते. रविवार आहे म्हणून एक दिवस मिळेल, हेही आता खरं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली सुट्टीच्या दिवशीही चालते.

हप्ता परत गेला तर दंड दोन ठिकाणी बसतो. समजा, बँकेने ५०० आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने ५०० लावले, तर १८ टक्के जीएसटी धरून १,१८० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे, हप्ता वेळेत भरून काढला नाही तर त्या उशिराची नोंद सिबिलमध्येही जाऊ शकते.

नव्या खात्यातून एक हप्ता प्रत्यक्ष कापला गेलेला दिसेपर्यंत जुन्या खात्यात एका हप्त्याएवढी रक्कम राहू द्या. पगार थांबला की काही महिन्यांनी ते खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीची अट लागू शकते, तेही बँकेत विचारून घ्या.

खातं बंद करण्याआधी पूर्ण १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढून NACH किंवा ACH लिहिलेली प्रत्येक ओळ तपासा. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक प्रीमियम दिसत नाही. मे महिन्यातली ४३६ आणि २० रुपयांची कपात विशेष शोधा. ती पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांची असते. हे दोन-दोन लाखांचं संरक्षण त्या खात्याला जोडलेलं असतं आणि खातं बंद झालं की तेही संपतं. म्हणून आधी नव्या बँकेत नावनोंदणी करा. जीवनज्योतीत नव्याने नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू आल्यास दावा मिळत नाही, तेवढे दिवस जुनं खातं चालू ठेवा.