टायटल बदललं म्हणून पेशंट वाढतात का?

दवाखान्याची वेबसाइट असलेल्या डॉक्टरांना सारखे फोन येतात: टायटल-डिस्क्रिप्शन बदलून देतो, गूगलवर पहिला नंबर लावतो. टायटल बदलून मिळेल, पण पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. मग या कामातून नेमकं काय हाती लागतं?

समजा, पुण्यात कोथरूडला दातांचा दवाखाना आहे. त्याच्या रूट कॅनलच्या पानाचं टायटल नुसतं 'Home' आहे आणि डिस्क्रिप्शन रिकामं आहे. गूगलच्या निकालात टायटल ठळक ओळ म्हणून दिसतं आणि डिस्क्रिप्शन बहुधा तिच्याखालचा मजकूर म्हणून. 'Home' वाचून दुखऱ्या दाताच्या माणसाला काय कळणार? तिथे असं लिहावं:

```
<title>रूट कॅनल उपचार, कोथरूड, पुणे</title>
<meta name="description" content="किती वेळा यावं लागतं, खर्च कशावर ठरतो, संध्याकाळच्या वेळा.">
```

अर्थात, डिस्क्रिप्शनमध्ये जे लिहिलं ते पानावर सापडलंच पाहिजे. नाहीतर आलेला माणूस लगेच परत जातो.

आता हिशेब पाहू. सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात दिसलं, की हे पान महिन्यात 1000 वेळा निकालात आलं, सरासरी सहाव्या क्रमांकावर, आणि त्यावर 20 जणांनी क्लिक केलं. नव्या टायटलनंतर क्लिक 30 झाले, तरी काम चांगलं झालं असं मी म्हणेन. जादा आलेल्या दहा जणांतले एक-दोघे फोन करतील, कदाचित कुणीच करणार नाही. पण तेच पान पस्तिसाव्या क्रमांकावर असेल, तर इतक्या खाली फारसं कुणी जात नाही, आणि तिथे निव्वळ सुंदर टायटलने काही हलत नाही. टायटलमधल्या शब्दांचा क्रमांकावर थोडा परिणाम होतो. डिस्क्रिप्शनचा होत नाही, हे गूगलने 2009 मध्येच सांगून टाकलं आहे. नकाशासोबत दिसणारी दवाखान्यांची यादी तर मुख्यतः अंतर, प्रोफाइलमधली माहिती आणि दवाखान्याचा नावलौकिक यांवर ठरते.

शिवाय आपण लिहिलेलं गूगल दाखवेलच असं नाही. टायटल फार लांब असलं किंवा त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबला असला, तर ते स्वतःच दुसरं लावतं. डिस्क्रिप्शनऐवजी पानातली वाक्यं तर सर्रास उचलतं. म्हणून बदल केल्यावर काही दिवसांनी स्वतः शोधून पाहावं.

परिणाम मोजताना नव्या टायटलला चार आठवडे द्यावेत आणि आधीच्या चार आठवड्यांशी तुलना करावी. तीही त्याच पानाची आणि त्याच शोधशब्दांची. मधल्या काळात क्रमांकच सहावरून तीनवर आला असेल, तर वाढलेल्या क्लिकचं श्रेय टायटलला देता येत नाही.

तेव्हा डॉक्टर, पैसे देण्याआधी समोरच्याला सर्च कन्सोल उघडायला लावा आणि कोणतं पान, सध्या कितव्या क्रमांकावर, किती क्लिकवर आहे, ते विचारा. हे न पाहताच जो आकडा कबूल करतो, त्याला काम देऊ नका.